खऱ्या पिठाची चानकी

माझ्या लेकीला तीन वर्षं पुरी झाली आणि भवानी पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात दोन बायकांच्या तीन झाल्या. मी भाकरी थापायला बसले की ही समोर हजर. पीठ मळायला पाणी लागतं एवढं तिला कळलं होतं, किती लागतं ते कळलं नव्हतं. एकदा माझी पाठ वळली तेवढ्यात तिनं अख्खा तांब्या परातीत रिकामा केला. त्या दिवशी घरात भाकरी झाली नाही, ज्वारीच्या पिठाची आंबील झाली. बहात्तरचा दुष्काळ नुकता उलटून गेलेला, रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी सगळ्यांच्या चांगली लक्षात होती. पीठ वाया घालवणं आमच्याकडे कुणालाच परवडणारं नव्हतं. मी ओरडले. तिनं शांतपणे मला सांगितलं, "मी काम केलं की."

तिला खेळ म्हणून काही करायचं नसायचं, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. शेंगा फोडताना ती एकेक दाणा वेगळा करून द्यायची, लसणाच्या पाकळ्या हाताळून हाताळून मोकळ्या करायची, आणि कामाला लागली की तासभर तोंडातून शब्द काढायची नाही. पण मी काही ओळखायच्या मनःस्थितीत नव्हते. आमची चूल जमिनीवर, तिच्याशेजारी विळी, आणि मधे ही तीन वर्षांची लुडबुड. संक्रांतीच्या आठवडाभर आधी व्हायचं तेच झालं. तव्यावरची भाकरी फुगली का ते बघायला तिनं बोट लावलं आणि बोटाला टपोरा फोड आला. ती फार रडली नाही. मीच जास्त रडले आणि मग तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर काढलं.

माझ्या या निर्णयाला नुसता फोड कारण नव्हता. माझं माहेर वैरागचं. मी सात वर्षांची असताना आई गेली. घरात वडील, मी आणि माझ्या पाठचे दोन भाऊ. तेराव्यानंतर चार दिवस चुलतीनं भाकऱ्या पाठवल्या, पाचव्या दिवसापासून पीठ मळायची लाकडी काटवट माझ्यापुढे आली. तेव्हापासून लग्न होईपर्यंत चुलीसमोरची जागा माझी. शाळा तिसरीत सुटली. आई होती तोवर भाकऱ्या झाल्या की शेवटच्या उरल्यासुरल्या गोळ्याची एक इवलीशी भाकरी ती माझ्या नावानं थापायची. चानकी म्हणतात तिला. घरातल्या लहान पोराचा तो हक्क. आई गेल्यावर मी रोज दोन चानक्या करत होते, एकेका भावाची एकेक. त्यामुळे पहिली मुलगी झाली तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हिच्या हाताला चुलीची सवय लावायची नाही. खेळू दे, शिकू दे. चूल काय, कुठं पळून जात नाही.

मी एकदा ठरवलं की ठरवलं. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं.

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली तशी आम्ही गेलो. मी, माझे मिस्टर, सासूबाई आणि त्यांच्या कडेवर बोटाला चिंधी बांधलेली लेक. लाकडी सामानाच्या एका पालावर एका बाजूला भातुकली मांडलेली होती, लाल-हिरव्या लाखेची, चकचकीत. चूल, तवा, जातं, पाटा-वरवंटा, बंब, इवलीशी विळीसुद्धा. दुसऱ्या बाजूला घरात वापरायच्या काटवटी, पोळपाट, लाटणी, रव्या. त्यातच एक लहानगी काटवट होती, बिनरंगाची. मी भातुकलीची टोपली उचलली, सासूबाईंनी काटवट.

माझ्या सासूबाई अक्कलकोटकडच्या. माहेरी कानडी, सासरी मराठी, रागावल्या की दोन्ही. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या मला म्हणाल्या, "पोरीला काम पायजे, खेळ न्हाय. ही घे. तिच्या हाताजोगी हाय."

मी म्हटलं, "तिला काम नको म्हणून तर खेळ घेते आत्याबाई. काम काय, जन्मभर आहेच."

"मग काय, तिला दारात बसवून खोटी चूल पेटवायला लावणार?"

मी सांगितलं की व्हय, तेच लावणार. खोट्या चुलीनं बोट भाजत नाही. आत्याबाईंचं म्हणणं असं की ज्या पोराला मदत करायची हौस आहे त्याला त्याच्या मापाची हत्यारं द्यावीत आणि जवळ घेऊन बसावं. हौस बाहेर काढून दिली की ती दुसऱ्या वाटेनं आत येते. मला ते पटलं नाही. त्यांना आई जाऊन चुलीपुढे बसावं लागलं नव्हतं, असं मी मनात म्हटलं आणि थोडंसं तोंडानंही. त्यांनी काटवट मिस्टरांच्या हातात दिली, मी टोपली. माझे मिस्टर दोन्ही वस्तू दोन हातांत धरून उभे. उंटावरून शेळ्या हाकण्यात हा माणूस पटाईत, पण त्या दिवशी उंटही नव्हता. "तुम्ही दोघी ठरवा आणि मला सांगा," एवढं बोलून ते पालवाल्याशी हवापाण्याचं बोलायला लागले. भातुकली घरी आली. काटवट तिथंच राहिली.

पहिले दोन दिवस मी जिंकले होते. लेकीनं अंगणात संसार मांडला, शेजारच्या विणकरांच्या मुली जमल्या, बंबात पाणी काय तापलं, लग्नं काय लागली. शेजारच्या पोरी तर त्या खेळात अशा रमल्या की त्यांना जेवायला बोलवायला त्यांच्या आया येऊन जायच्या. मी आतून आत्याबाईंकडे बघत होते आणि त्या आपल्या शेंगा फोडत होत्या. तिसऱ्या दिवशी लेक चूल हातात घेऊन उंबऱ्याशी आली. यात जाळ कुठाय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आहे असं समजायचं. तिनं चुलीच्या तोंडात डोळा घालून पाहिलं, समजायचा प्रयत्न केला आणि परत गेली. मला हसू आलं. हसायला नको होतं.

मग तिनं अंगणातली माती भिजवून भाकऱ्या थापायला घेतल्या. थापता बऱ्या येत होत्या, बसून बसून बघितलेलं होतं ना. एक थापली की ती दोन्ही हातांवर घेऊन आजोबांकडे जायची. त्यांना ती आप्पा म्हणायची. आमचे मामंजी तोवर दुकान मुलाच्या हाती देऊन घरीच असायचे, पुढच्या खोलीत खाटेवर. नातीवर त्यांचा भारी जीव. ते ती मातीची भाकरी तोंडाजवळ न्यायचे, मिटक्या मारायचे, मोठा ढेकर द्यायचे, आणि ती इकडे वळली की भाकरी हळूच खाटेखाली सरकवायचे. घरातल्या सगळ्यांनी ही रीत उचलली. मिस्टर दुकानातून आले की उभ्या उभ्या एक भाकरी 'खायचे'. मी तर सगळ्यांत पट्टीची. तिखट लागलं म्हणून मी पाणीसुद्धा प्यायची. एकट्या आत्याबाई तिच्या हातची भाकरी घ्यायच्या, बघायच्या आणि म्हणायच्या, "ही मातीची हाय अव्वा, खायची न्हाय, पर थापलीस लई चांगली." नातीला त्या अव्वा म्हणायच्या. मला वाटायचं, म्हातारी किती कोरडी.

एकदा मला तिची दया आली म्हणून मी तिला खऱ्या पिठाचा लिंबाएवढा गोळा दिला. तिनं तो भातुकलीतल्या परातीत मळला, आणि ओल्या पिठाला लाखेचा रंग लागून गोळा गुलाबी झाला. हा रंग पोटात गेला तर, या भीतीनं मी तो गोळा तिच्यासमोरच राखेत टाकला. तिनं राखेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग परात उचलून ती अंगणात गेली.

त्यानंतर आमच्या घरात उंदीर झाला.

म्हणजे मी तसं ठरवलं. खाटेखाली झाडू घातला की खऱ्या भाकरीचे तुकडे निघायला लागले. वाळून कडंग झालेले. आधी एक, मग तीन, मग ट्रंकेच्या मागे गूळ लावलेला अर्धा कोर. मी घर डोक्यावर घेतलं. शेजारून पिंजरा आणला, त्यात शेंगाचटणी लावलेला तुकडा अडकवला. चार दिवस पिंजरा रिकामा, तुकडा जागच्या जागी, आणि खाटेखाली मात्र नवे तुकडे. मी म्हटलं, उंदीर हुशार आहे. आत्याबाई म्हणाल्या की उंदीर भाकरी नेतो, आणून ठेवत नाही. मी त्यांचं ऐकलं नाही. त्या महिन्यात मी त्यांचं काहीच ऐकत नव्हते.

दुसरीकडे लेक वाळत चालली होती. दूध प्यायची, मूठभर दाणे खायची, पण परकराची नाडी बोटभर जास्त ओढावी लागत होती. ताटलीत वाढलेली भाकरी तर संपत होती. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मला रात्रंदिवस तोच घोर. पोर खाते आणि अंगी लागत नाही, याच्यासारखी काळजी आईला दुसरी नसते.

एका दुपारी मी वाळवण आत घ्यायला आले आणि पुढच्या खोलीच्या दाराशी थबकले. मामंजींचा डोळा लागला होता. लेक खाटेच्या पायाशी ताटली घेऊन बसली होती. मी तिला तूप-गुळाची भाकरी वाढून दिली होती ती तशीच होती. तिनं एक तुकडा उचलला, तोंडाजवळ नेला, मिटक्या मारल्या. छान लागल्यासारखी मान हलवली. मग ढेकर दिला, आणि वाकून तुकडा खाटेखाली सरकवला. दुसरा घेतला, तसंच. तिसऱ्याला तिखट लागलं म्हणून ती पाणीसुद्धा प्यायली.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी निघाले होते, आणि चोर माझ्याच पोटचा निघाला. माझा हात उगारला गेला. दुष्काळात ज्या घरानं लाल भाकरीचा कोर वाटून खाल्ला त्या घरातलं पोर अन्न टाकतं, एवढंच माझ्या डोक्यात. तिनं माझ्या हाताकडे बघितलं. घाबरली नाही. मला समजावून सांगावं तशी म्हणाली, "आप्पा बी आसंच खात्यात. तू बी."

माझा हात खाली आला.

मला लाज वाटली, ते साधं सांगून टाकते. पोरीनं चोरी केली नव्हती, हट्ट केला नव्हता, नखरा केला नव्हता. कुणी आपल्यासाठी करून आणलं की मोठी माणसं काय करतात ते ती महिनाभर बघत होती आणि तेच मन लावून करत होती. आम्हा चौघांपैकी तिघांनी तिला शिकवलं होतं की हातानं केलेलं असं खायचं असतं. खोटं कळू नये म्हणून आम्ही मागं लपवत होतो, आणि तिला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

संध्याकाळी मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या जिंकल्या होत्या, तरी जिंकल्याचं एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या मूग गिळून बसल्या याचाच मला जास्त राग आला. मग मी दोरा घेतला, लेकीला मांडी घालून बसवलं आणि तिच्या दोन गुडघ्यांमधलं अंतर मोजून दोऱ्याला गाठ मारली. दुसरी गाठ तिच्या पसरलेल्या पंजाची. सकाळी उठून मी आमच्या बोळाच्या टोकाला बसणाऱ्या काताऱ्याकडे गेले. लाटणी, खाटेचे पाय, असलं लाकूड तो कातून द्यायचा. त्यानं दोरा हातात घेतला आणि विचारलं, "खेळातली करू का वापरातली? खेळातलीला लाख लावतो, वापरातलीला गोडंतेल."

त्या माणसानं सरळ धंद्याचा प्रश्न विचारला होता. सात वर्षांची मी काटवटीपुढे बसलेली मला दिसत होते. पण त्या मुलीला काटवट तिच्या मापाची मिळाली नव्हती. आईची मोठी काटवट, हात पुरत नसायचे म्हणून गुडघ्यावर उभं राहून मळायचं, आणि जवळ कुणी बसलेलं नसायचं. चूक कामाची नव्हती. एकटीनं करायला लागण्याची होती. मी त्याला म्हटलं, वापरातली.

बाभळीची काटवट झाली. बूड जड, म्हणजे सरकू नये. कड जाड आणि गोल, हात फिरवला तर कुठं कूस लागत नव्हती. आठ दिवस तेल पाजून आत्याबाईंनी ती खिडकीत ठेवली. शिवाय कळकाची एक बोथट सुरी झाली, केळं आणि उकडलेला बटाटा कापण्यापुरती. देवघरातली एक वाटी पाण्यासाठी नेमली, म्हणजे तांब्याला हात लागायचा नाही. काम झालं की विळी मी लगेच वर फळीवर ठेवायला लागले. चुलीपासून दोन हात सोडून भिंतीशी तिचा पाट मांडला आणि आत्याबाईंनी गेरूची रेघ ओढली. "ह्या रेघेच्या हिकडं तुझं राज्य, तिकडं माझं. तवा माझा, थापणं तुझं." नायलॉनचा फ्रॉक घालून स्वयंपाकघरात यायचं नाही, सुती परकर खोचून यायचा, हा कायदा मी केला. तिनं सगळं मान्य केलं. एकदासुद्धा तिनं रेघ ओलांडली नाही. उलट एकदा माझे मिस्टर आत आले तर त्यांना तिनं रेघेवर अडवून हात धुतले का म्हणून विचारलं.

पहिल्या दिवशी मी गरम पाणी घालून पीठ मळलं, कोमट झाल्यावर तिला गोळा दिला. ज्वारीचं पीठ, त्याला हाताची ऊब लागते, नाहीतर भाकरी चिरते. तिचे हात थांबायला तयार नव्हते आणि भाकरी चिरतच होती. दोनदा मोडली, दोनदा तिनं गोळा केला, वाटीतलं चार थेंब पाणी आपल्या हातानं घेतलं. राखेत काही गेलं नाही. तिसऱ्यांदा तिच्या पंजाएवढी चानकी उठली, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, कडेला करवती. आत्याबाईंनी रेघेपलीकडून ती तळहातावर झेलून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, मग निखाऱ्याला लावली. जाड बाजू काही फुगली नाही. पातळ बाजू काळी झाली.

पुढच्या खोलीत मामंजी वाट बघत होते. इतके दिवस खोटं खाल्लेलं फेडायचं म्हणून त्यांनी सकाळपासून दुसरं काही खाल्लं नव्हतं. आम्हा सगळ्यांना वाटलं, ती त्यांच्याकडे जाणार. आत्याबाईंनी निवलेली चानकी ताटलीत घालून तिच्या हातात दिली. ती उठली, दोन पावलं दाराकडे गेली आणि थांबली. मग मागं फिरून माझ्याकडे आली. ताटली माझ्यापुढे ठेवून ती समोर बसली, मी तिला खायला वाढून समोर बसते तशी.

"आई, खरंखरं खा."

मी तुकडा मोडला. मधे कच्चा होता, कडेला जळका. मीठ मीच पिठात घालायची विसरले होते. मी खात होते आणि मला एकाएकी आठवलं की सातव्या वर्षानंतर माझ्या नावानं चानकी कुणी केली नव्हती. भाऊ मोठे झाले, मी लग्न होऊन इथं आले, हजारो भाकऱ्या या हातांखालून गेल्या. त्यातली एकही माझ्यासाठी म्हणून थापलेली नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तसं आत्याबाईंनी तोंड फिरवून चुलीत फुंकर घातली. जाळ चांगला चालला होता, फुंकायची काही गरज नव्हती.

मी शेवटचा जळका तुकडा तोंडात घातला. लेक उठली. तिनं माझ्या पाटामागं वाकून बघितलं, माझा पदर उचलून खाली बघितलं. मग माझी हनुवटी धरून म्हणाली, तोंड उघड. मी उघडलं. तिनं आत नीट पाहून घेतलं, हात परकराला पुसले आणि आजोबांची चानकी थापायला परत आपल्या रेघेच्या आत जाऊन बसली.